वीज येते, पण विंडोज येत नाही

वीज परत आल्यावर कॉम्प्युटरचे बटण दाबले जाते, पंखा फिरू लागतो, कंपनीचे नाव क्षणभर झळकते आणि विंडोजच्या जागी काळ्या पडद्यावर `No bootable device found` अशी एकच ओळ येऊन थांबते. कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असतात. काही ठिकाणी `Boot Device Not Found` असे दिसते, तर जुन्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर `Reboot and Select proper Boot device` अशी लांबलचक सूचना येते. अर्थ एकच. हार्ड डिस्क गेली, आता सगळा डेटाही गेला, असाच पहिला समज होतो. बऱ्याचदा तो चुकीचा ठरतो, आणि त्याच समजापोटी विंडोज नव्याने टाकण्याची घाई होते. डेटा खरोखर जातो तो अनेकदा त्या घाईत.

ही ओळ विंडोजची नसते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. बटण दाबल्यावर सर्वांत आधी तो जागा होतो, प्रोसेसर, मेमरी आणि पडदा तपासतो आणि मग ठरवून दिलेल्या क्रमाने डिस्का पाहत विंडोज कुठून सुरू करायचे याचा शोध घेतो. तो शोध निष्फळ ठरला की ही ओळ दिसते. म्हणजे ओळ दिसली यातच बरीच चांगली बातमी आहे. पॉवर सप्लाय, प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांचे काम चालू आहे, नाहीतर ओळ दिसलीच नसती. शंका उरते ती तीनच ठिकाणी: डिस्क स्वतः, डिस्कपर्यंत जाणारी केबल, किंवा कुठे आणि कोणत्या पद्धतीने शोधायचे याबद्दल बायोसला दिलेल्या सूचना, म्हणजेच सेटिंग.

वीज जाण्याने या तिन्हींना धक्का बसू शकतो. डिस्कवर काही लिहिले जात असतानाच वीज गेली तर ते लिखाण अर्धवट राहते. वीज परत येताना व्होल्टेज क्षणभर उसळले तर डिस्कच्या सर्किटला इजा होऊ शकते. तिसरे कारण कोणाच्या सहसा लक्षात येत नाही, पण नवशिक्याला घरच्या घरी दुरुस्त करता येण्याजोगे नेमके तेच असते. बायोस आपली सेटिंग विसरलेला असतो.

हे विसरणे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. 1984 साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटी या कॉम्प्युटरमध्ये घड्याळ आणि सेटिंग यांसाठी मिळून 64 बाइटची एक चिमुकली मेमरी होती आणि कॉम्प्युटर बंद असताना ती बॅटरीवर जिवंत राहत असे. ती पद्धत पुढे चालू राहिली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी चकचकीत बॅटरी असते ती याच कामासाठी. मात्र आजच्या डेस्कटॉपमध्ये या बॅटरीवर सतत भार नसतो. विंडोजमधून कॉम्प्युटर बंद केला, पण भिंतीवरचे बटण चालूच ठेवले, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला पाच व्होल्टचा बारीक प्रवाह देत राहतो आणि ती मेमरी त्यावरच टिकते. बॅटरी वर्षानुवर्षे उतरत गेली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मग पावसाळ्यात एखाद्या दिवशी चार तास वीज जाते, तो बारीक प्रवाह तुटतो, भार मेलेल्या बॅटरीवर येतो आणि मेमरी पुसली जाते. वीज आल्यावर बायोस कारखान्यातून आला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर परततो. ती सेटिंग त्या डिस्कवरच्या विंडोजशी जुळली तर काहीच बिघडत नाही. जुळली नाही, तर डिस्क धडधाकट असूनही बायोसला तिच्यात सुरू करण्याजोगे काही सापडत नाही.

ज्या घरात रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करतात, तिथे हा बिघाड हळूहळू दर्शन देतो. आधी घड्याळ मागे पडू लागते, मग तारीखच चुकते, मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित असल्याची तक्रार करतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत चुकीच्या तारखेशी ताडली जाते. बटण कायम चालू ठेवणाऱ्या घरांत आणि दुकानांत अशी पूर्वसूचना मिळत नाही. तिथे वीज गेल्यावर सगळे एकदम समोर येते.

तपासणीला बसण्याआधी दोन साध्या गोष्टी उरकून घ्याव्यात. कॉम्प्युटरला लावलेले पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि बाहेरच्या डिस्का काढाव्यात आणि डीव्हीडी आत राहिली असेल तर तीही बाहेर घ्यावी. मूळ क्रमात पेन ड्राइव्ह पहिला असेल तर काही कॉम्प्युटर तिथेच अडकून बसतात. मग कॉम्प्युटर बंद करून भिंतीतून प्लग काढावा, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो, आणि पुन्हा सुरू करून पाहावे. एवढ्यानेही काही कॉम्प्युटर सुरू होतात, विशेषतः झटक्याने वीज गेल्यामुळे डिस्क अडकून बसली असेल तेव्हा. तेवढ्याने भागले नाही तर बायोसमध्ये जाऊन पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

बायोसमध्ये जाण्याची कळ कंपनीनुसार बदलते. डेलच्या बहुतेक कॉम्प्युटरांत `F2`, एचपीमध्ये `F10`, लेनोवोच्या अनेक डेस्कटॉपमध्ये `F1`, आणि असेंबल केलेल्यांत बहुधा `Del`. बटण दाबल्या क्षणापासून ती कळ पुन्हा पुन्हा टिचकवत राहावी, कारण ती ओळखली जाण्याचा काळ दोन-तीन सेकंदांचाच असतो. आत शिरल्यावर काहीही बदलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. पुढे काही चुकले तर परतीचा रस्ता त्या फोटोंत असतो.

इथे फक्त दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली तारीख. ती आजची नसून काही वर्षांपूर्वीच्या 1 जानेवारीची असेल, तर मेमरी पुसली गेली आहे हे जवळजवळ निश्चित. काही कॉम्प्युटर हे आपणहूनच सांगतात. सुरू होताना `CMOS checksum error` किंवा `Time-of-day not set` असे शब्द क्षणभर दिसून जातात आणि माणूस ते न वाचताच पुढची कळ दाबतो. दुसरी गोष्ट डिस्कचे नाव. `Storage`, `SATA`, `Drives` किंवा `System Information` अशा नावाच्या पानावर जोडलेल्या डिस्कांची यादी असते. तिथे डिस्कच्या मॉडेलचा क्रमांक, बहुधा तिच्या क्षमतेसह, दिसायला हवा. जागा रिकामी असेल किंवा `None`, `Not Detected` असे लिहिले असेल, तर बायोसला डिस्क दिसतच नाही. हा फरक सर्वांत मोलाचा आहे. नाव दिसत असेल तर दोष बहुधा सेटिंगमध्ये किंवा डिस्कवरच्या मजकुरात असतो, आणि नाव दिसत नसेल तर तो केबलमध्ये किंवा डिस्कमध्ये. पुढचा सगळा मार्ग यावरून ठरतो.

नाव दिसत नसेल तर डेस्कटॉपचा प्लग काढून बाजूचे झाकण उघडावे. आतल्या लोखंडी सांगाड्याला आधी हात लावावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जातो. साध्या साटा डिस्कला दोन केबली असतात: मदरबोर्डकडून येणारी अरुंद डेटा केबल आणि पॉवर सप्लायकडून येणारी रुंद केबल. दोन्ही केबलींची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. जुन्या डेटा केबलींच्या टोकांना पकड नसते आणि धुळीने, उष्णतेने त्या सैल पडतात. तरीही डिस्क दिसत नसेल तर डेटा केबल मदरबोर्डवरच्या दुसऱ्या साटा जागेत लावावी, आणि उसनी मिळाली तर दुसरी केबल वापरून पाहावी. दर वेळी प्लग काढूनच हात घालायचा.

यानंतर कानाचे काम. फिरती हार्ड डिस्क असेल तर सुरू करताना तिच्यावर बोट टेकवून ठेवावे. निरोगी डिस्क हलकीशी थरथरते आणि एकसारखा बारीक आवाज देते. थरथर अजिबात नसेल तर तिला वीज पोहोचत नाही किंवा तिचे सर्किट जळले आहे. ठराविक अंतराने टक् टक् आवाज येऊन ती पुन्हा पुन्हा नव्याने फिरू लागत असेल, तर तिच्या आतला वाचणारा भाग बिघडला आहे. अशा वेळी कॉम्प्युटर लगेच बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने आतल्या चकतीवर ओरखडे पडू शकतात, आणि मग वाचवता आला असता तो डेटाही हातचा जातो. डिस्कवर महत्त्वाचे काही असेल तर ती डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. घरगुती उपाय इथे थांबतात.

एसएसडीला आवाज नसतो आणि तिचे वागणेही वेगळे. डेटा कुठे ठेवला आहे याची अंतर्गत नोंदवही ती स्वतः सांभाळते आणि अचानक वीज गेली की ती नोंदवही अर्धवट राहू शकते. मग काही एसएसडी बायोसला दिसेनाशा होतात. अशा वेळी तिची डेटा केबल काढून फक्त पॉवरची केबल ठेवावी आणि कॉम्प्युटर सुमारे वीस मिनिटे चालू ठेवावा. मग पॉवर अर्धा मिनिट तोडून तेच आणखी एकदा करावे. या वेळात एसएसडी आपली नोंदवही पुन्हा जुळवू शकते. नुसते बायोसच्या पानावर थांबूनही हे साधते, त्यामुळे लॅपटॉपमध्येही ते करून पाहता येते. हमी नाही, पण यात गमावण्यासारखे काही नाही.

डिस्कचे नाव दिसते आणि तारीख मात्र चुकलेली आहे, ही स्थिती वीज गेल्यानंतर फार आढळते, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. टायपिंग आणि झेरॉक्सच्या एखाद्या दुकानात कंपनीने वापरून विकलेला डेलचा ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉप आहे. विकणाऱ्याने त्यावर आधी विंडोज 7 टाकले होते, पुढे त्याचेच विंडोज 10 झाले. दुपारी तीन-चार तास वीज गेली आणि संध्याकाळी `No bootable devices found` दिसू लागले. बायोसमध्ये 500 जीबीची डिस्क नावानिशी दिसते, पण तारीख कित्येक वर्षे मागची आहे.

आता विंडोज सुरू करण्याच्या दोन पद्धती असतात हे लक्षात घ्यावे लागते. जुनी लेगसी पद्धत. हिच्यात बायोस डिस्कचे अगदी पहिले 512 बाइट वाचतो आणि तिथल्या छोट्या प्रोग्रामकडे कारभार सोपवतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो डिस्कवरचा एक छोटा स्वतंत्र विभाग उघडून तिथली ठराविक फाइल शोधतो. विंडोज ज्या पद्धतीने टाकले असेल त्याच पद्धतीने ते सुरू होते. या दुकानातले विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेले होते आणि विकणाऱ्याने बायोस त्याप्रमाणे बदलून दिला होता. मेमरी पुसली गेल्यावर बायोस मूळच्या यूईएफआय पद्धतीवर गेला. तो आता डिस्कवर असा विभाग शोधतो जो तिथे कधी नव्हताच.

उपाय असा. `Secure Boot` बंद करायचे, `Advanced Boot Options` मध्ये `Enable Legacy Option ROMs` निवडायचे, मग `Boot Sequence` मध्ये `Boot List Option` हे `UEFI` वरून `Legacy` वर आणायचे आणि यादीत हार्ड डिस्क सर्वांत वर ठेवायची. हा क्रम मुद्दाम दिला आहे. आधीच्या दोन गोष्टी केल्याशिवाय अनेक मॉडेलांत तिसरी निवडताच येत नाही. बदल जपून बाहेर पडल्यावर विंडोजचे चिन्ह दिसते, पण काही वेळा लगेच निळा पडदा येऊन `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` असे लिहिलेले दिसते. घाबरून जाऊ नये, ही प्रगतीच आहे. विंडोज सापडले, सुरूही झाले, पण डिस्कशी बोलण्याची रीत बदलल्यामुळे ते अडले. पुन्हा बायोसमध्ये जाऊन `SATA Operation` पाहावे. मूळ सेटिंगमध्ये ते `RAID On` असते, आणि विंडोज टाकताना `AHCI` असेल तर तेच परत निवडावे लागते. इतके केले की दुकानातला कॉम्प्युटर पूर्वीसारखा, सगळ्या फाइलींसह उघडतो.

उलट प्रकारही घडतो. जुना मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्ये लेगसीवर जातो आणि डिस्कवरचे विंडोज यूईएफआयचे असते. आपले विंडोज कोणत्या पद्धतीचे ते आठवत नसेल, तर विंडोज टाकण्याचा पेन ड्राइव्ह उपयोगी पडतो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने, निदान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर बनवता येतो. त्यावरून सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर `Shift` आणि `F10` एकत्र दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे पुढच्या ओळी एकेक करून द्याव्यात:

```
diskpart
list disk
exit
```

मधल्या ओळीनंतर डिस्कांचा तक्ता येतो. शेवटच्या `Gpt` या रकान्यात आपल्या डिस्कपुढे तारांकन असेल तर विंडोज यूईएफआयचे, रकाना रिकामा असेल तर लेगसीचे. या ओळी डिस्कवर काहीही लिहीत नाहीत, पण `diskpart` हे हत्यार जपून वापरण्याचे आहे. त्यात `clean` हा शब्द टाइप केला तर निवडलेल्या डिस्कवरचे सगळे विभाग क्षणात नाहीसे होतात आणि कोणताही प्रश्न विचारला जात नाही.

विंडोज 11 च्या लॅपटॉपवर एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. तिथे डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि बायोसच्या सेटिंगला हात लागला की 48 अंकी किल्ली मागितली जाते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. खात्याचा पासवर्ड आठवतो की नाही हे आधी पाहावे, मगच सेटिंग बदलावी.

तारीख बरोबर आहे, डिस्क दिसते, पद्धतही जुळते आणि तरी ओळ जात नाही, अशी स्थिती असेल तर वीज जाताना डिस्कवरचा मजकूर बिघडला असावा. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली फार थोड्या असतात आणि तेवढ्याच बिघडल्या तरी बाकी सगळे शाबूत असूनही विंडोज उठत नाही. त्याच पेन ड्राइव्हवरून `Repair your computer`, मग `Troubleshoot` आणि तिथे `Startup Repair` निवडावे. हा उपाय एकदा, फार तर दोनदा करावा. या पडद्यांवर `Install now` हे बटण मोठे आणि ठळक असते. ते दाबून पुढे विभाग पुसण्याच्या पानावर पोहोचलेली माणसे स्वतःच्या हाताने डेटा घालवतात. दुरुस्ती जमली नाही तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी, फाइली उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच नवे विंडोज टाकण्याचा विचार करावा. डिस्क वाचताना फार वेळ लागत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर `chkdsk` चालवण्याचा मोह टाळावा. तो प्रोग्राम फाइलींच्या नोंदी दुरुस्त करताना त्यांत बदल करतो आणि मरणासन्न डिस्कवर तासन्‌तास ताण देतो. आधी नक्कल, मग दुरुस्ती.

तारीख चुकलेली होती अशा कॉम्प्युटरचे काम सेटिंग जुळवून संपत नाही. बॅटरी बदलली नाही तर पुढच्या वेळी वीज गेली की तेच घडणार. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर2032 या क्रमांकाची, तीन व्होल्टची, वीस मिलिमीटर व्यासाची बॅटरी असते आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. मल्टिमीटर असेल तर जुनी मोजून पाहावी. ती पावणेतीन व्होल्टच्या खाली असेल तर बदलण्याच्या लायकीची. प्लग काढून, पॉवरचे बटण दाबून धरून आतला भार रिकामा करावा, बॅटरीच्या कडेची छोटी पत्र्याची पट्टी नखाने बाजूला सारावी, बॅटरी आपोआप वर येते. नवी बसवताना अधिक चिन्ह वरच्या बाजूला ठेवायचे. लॅपटॉपमध्ये ही बॅटरी अनेकदा वायरने जोडलेली आणि खोल आत असते, त्यामुळे ती दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घेतलेली बरी.

नवी बॅटरी बसली की बायोसमध्ये तारीख आणि वेळ भरावी, वर सांगितलेली सेटिंग पुन्हा तपासावी, ती जपून बाहेर पडावे आणि विंडोज एकदा पूर्ण सुरू होऊ द्यावे. मग विंडोज रीतसर बंद करून भिंतीतून प्लग काढावा आणि कॉम्प्युटर तासभर तसाच ठेवावा. पुन्हा प्लग लावून सुरू केल्यावर बायोसमध्ये तारीख आणि वेळ अचूक असेल, तर बॅटरीने भार पेलला आहे. नसेल, तर बॅटरी उलटी बसली आहे, तिची पट्टी नीट टेकत नाही, किंवा मदरबोर्डवरचे घड्याळाचे सर्किटच निकामी झाले आहे. ते शेवटचे काम मात्र मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्याचे.